ऑनलाइन दुकानाचं शिपिंग-रिटर्न-रिफंडचं पान साध्या मराठीत कसं लिहावं?

हळदीचा_डबा
समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या बचतगटाचं छोटं ऑनलाइन दुकान सुरू होतंय. माल तीनच प्रकारचा आहे: वायगावची हळद, मिरची पूड आणि काचेच्या बरणीत आंब्याचं लोणचं. पेमेंट गेटवेवाल्यांनी खातं चालू करण्याआधी साइटवर शिपिंग, रिटर्न आणि रिफंडची पानं मागितली आहेत. साइट बनवणाऱ्या पोरानं कुठल्यातरी कपड्याच्या दुकानाचं पान उचलून आमच्या नावावर बसवलं. नमुना बघा:

"उत्पादन प्राप्तीपासून ७ दिवसांच्या आत, न वापरलेल्या अवस्थेत, मूळ टॅग व वेष्टनासह परताव्याची विनंती ग्राह्य धरली जाईल. परतावा ७ ते १० कार्यदिवसांत पूर्ण केला जाईल. कंपनीचा निर्णय अंतिम राहील."

हळदीला टॅग कुठून लावू? गावात कुरिअरची पिकअप येत नाही, माल पोस्टानंच जाणार. गिऱ्हाईक बहुतेक नागपूर, पुणे, मुंबईचं. काय लिहावं, काय लिहू नये, सांगा.

पऱ्हाटी
खायची वस्तू आहे ना? "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" एवढी एक ओळ टाका. विषय संपला.

सीए_च्या_दारात
रिटर्न स्वतः भरायच्या भानगडीत पडू नका. बचतगटाचं असलं तरी पॅन वेगळा असेल तर सीएला विचारून मुदतीच्या आत भरा.

लिंबूटिंबू
@सीए_च्या_दारात, भाऊ, इथे लोणचं परत येण्याबद्दल चाललंय, आयकर नाही 😀

तक्रारपेटी
पऱ्हाटी यांचं अर्धं बरोबर आहे. "आता नको वाटतं" म्हणून कोणी हळद परत करत असेल, तर नाही म्हणायला हरकत नाही. फक्त ते विकत घेण्याआधी गिऱ्हाइकाला दिसेल असं लिहिलेलं पाहिजे. पण माल फुटका, खराब, चुकीचा किंवा वर्णनाशी न जुळणारा निघाला, तर "परत घेणार नाही" ही ओळ उपयोगाची नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये असा माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही असं स्पष्ट आहे. स्वतःच्या साइटवर स्वतःचा माल विकणाऱ्यालाही ते लागू आहे. शिवाय २०१९ च्या कायद्यात खराब माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात.

म्हणून पान दोन भागांत लिहा. आधी "चूक आमची किंवा पार्सल नेणाऱ्यांची असेल तर", मग "तुमचं मन बदललं तर". वर दिलेल्या नमुन्यात हे दोन्ही एकत्र कालवलंय, घोळ तिथूनच होतो. आणि "कंपनीचा निर्णय अंतिम" काढून टाका. गिऱ्हाईक स्वतः राहतं तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतं. पुण्याच्या माणसासाठी तुम्हाला पुण्याला जावं लागू शकतं, तुमच्या "अंतिम" शब्दाला तिथे कोणी विचारणार नाही.

पऱ्हाटी
म्हणजे अर्धी बरणी खाऊन "खराब निघालं" म्हणणाऱ्यालाही पैसे द्यायचे?

तक्रारपेटी
नाही. दोष काय ते त्यानं दाखवायचं. किती खाल्लं हा प्रश्न नाही, बुरशी आहे का, हा प्रश्न आहे.

खाकी_पाकीट
मी शिपिंगच्या पानाबद्दल लिहितो, कारण तिथं लिहिलेला एक आकडा पुढे रिफंडच्या पानावर येऊन बसतो.

"३ ते ५ दिवसांत डिलिव्हरी" असं लिहू नका. तुमच्या हातात फक्त रवाना करणं आहे. घरी पोचवणं पोस्टाच्या हातात आहे. आणि त्याच २०२० च्या नियमांत, सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला तर गिऱ्हाईक परत करू शकतं असंही आहे. पूर, रस्ता बंद अशी कोणाच्याही हातात नसलेली अडचण असेल तेवढीच सूट. म्हणजे तुम्ही हौसेनं लिहिलेले ५ दिवस तुमच्याच गळ्यात.

दोन वेगळे टप्पे लिहा. पोस्टात रोज जाणं होत नसेल तर वार ठरवा आणि तेच लिहा:

"आम्ही सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी पार्सल पोस्टात देतो. आदल्या दिवशी रात्री ८ वाजेपर्यंत आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशीच्या पार्सलमध्ये जाते. त्यानंतरची ऑर्डर पुढच्या वारी. त्या दिवशी पोस्टाला सुट्टी असेल तर पोस्ट उघडल्यावर."

मग पोचण्याचा अंदाज, पोस्टात दिल्याच्या तारखेपासून मोजून. विदर्भ वेगळा, बाकी महाराष्ट्र वेगळा, इतर राज्यं वेगळी. आकडे माझे घेऊ नका. ओळखीच्या पाचसहा पत्त्यांवर रिकामी पाकिटं पाठवून बघा, सर्वात उशिरा पोचलेल्यावर दोन दिवस चढवा आणि तो आकडा लिहा. लवकर पोचलं तर कोणी भांडत नाही.

ट्रॅकिंग नंबर कधी आणि कशावर मिळेल तेही लिहा: "पार्सल दिल्यावर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मोबाईलवर मेसेज येईल." ही ओळ नसली की "माझं पार्सल कुठाय" एवढंच विचारायला फोन येत राहतात.

नांगरधारी
पत्त्याचंही सांगा बावा. खेड्यातलं गिऱ्हाईक नुसतं "मु. पो. अमुक" लिहून मोकळं होते. ऑर्डरच्या फॉर्मवर गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन अन् जवळची खूण हे वेगवेगळे रकाने पायजे. एकाच नावाची गावं चार-चार हायेत. पार्सल फिरून वापस आलं की मंग म्हणतात पैसे द्या.

खाकी_पाकीट
बरोबर. तेही पानावर यावं: "पत्ता किंवा फोन चुकीचा असल्यामुळे पार्सल आमच्याकडे परत आलं, तर आम्ही फोन करू. पुन्हा पाठवायचं असेल तर पोस्टाचा खर्च एकदा आणखी द्यावा लागेल." इथे "आरटीओ झाल्यास" असं लिहू नका. कुरिअरवाले परत आलेल्या पार्सलला तसं म्हणतात. गिऱ्हाइकाला गाडीचं पासिंग आठवेल.

लिंबूटिंबू
आणि लोणच्याला हेल्मेट घालावं लागेल.

मोजूनमापून
धाग्याचा काश्मीर होण्याआधी एक खरी ऑर्डर घेऊन बघू. धरा: हळद अर्धा किलो २२० रुपये, मिरची पूड अर्धा किलो २६०, लोणचं २१०. माल ६९०, पोस्टाचे ९०, एकूण ७८०, ऑनलाइन भरले. पार्सल पुण्यात पोचलं, बरणी फुटलेली, तेल झिरपून मिरचीचं पाकीट भिजलेलं, हळद ठीक. आता तुमच्या पानावरून उत्तर निघतं का बघा.

पहिला प्रश्न: परत पाठवायचं का? नमुन्याप्रमाणे "मूळ वेष्टनासह" परत. फुटकी काच आणि तेल पोस्टात परत टाकायला लावणं म्हणजे काउंटरवरचं भांडण, आणि ते आलं तरी तुम्ही विकू शकत नाही. खाण्याची वस्तू परत येऊन तुमच्या कामाची नसते. म्हणून सरळ लिहा: "फुटलेला किंवा सांडलेला माल परत पाठवू नका. फोटो पाठवा आणि फेकून द्या."

दुसरा: काय मिळणार? "नवीन माल किंवा पैसे, तुम्ही सांगाल ते." ४७० रुपये परत, किंवा बरणी आणि मिरची पुन्हा पाठवायची.

तिसरा: ९० रुपयांचं काय? इथेच पानं गप्प बसतात आणि भांडण होतं. माझ्या मते पूर्ण ९० परत द्यावेत, कारण चूक गिऱ्हाइकाची नाही.

पऱ्हाटी
हळद तर पोचली ना चांगली? ती काय चालत गेली? ६९० पैकी ४७० खराब, तर ९० पैकी ६१ रुपये ३० पैसे द्यायचे. हिशेब म्हणजे हिशेब.

मोजूनमापून
हिशेब बरोबर, पण तो पानावर लिहून दाखवा. "खराब झालेल्या वस्तूंच्या किमतीच्या प्रमाणात डिलिव्हरी शुल्काचा हिस्सा" हे वाक्य वाचून गिऱ्हाईक फोनच करणार. आणि २९ रुपयांसाठी तुमची कोणीतरी वीस मिनिटं बोलत बसणार.

तक्रारपेटी
दोन्ही चालतील, पण जे कराल ते आधी लिहिलेलं हवं. आणखी एक भोक आत्ताच बुजवा. पुढे कधी "७५० च्या वर डिलिव्हरी मोफत" ठेवलंत आणि फुटलेल्या मालाचे पैसे परत दिल्यावर ऑर्डर ७५० च्या खाली आली, तर डिलिव्हरीचे पैसे कापणार का? आमच्या चुकीनं खाली आली तर कापणार नाही, हे लिहून टाका.

शहरी_विदर्भी
सगळ्यात महत्त्वाचं कोणी बोललंच नाही. "अनबॉक्सिंग व्हिडिओशिवाय कोणताही दावा मान्य नाही." आजकाल सगळे लिहितात. लबाडी बंद होते.

नांगरधारी
आजी पार्सल फोडन का व्हिडिओ काढन? एका हाती कैची, एका हाती मोबाईल. हे काहून मांगता?

तक्रारपेटी
व्हिडिओ मागायला बंदी नाही. पण "नसेल तर काहीच नाही" अशी अट ठेवून खराब मालाची जबाबदारी झटकता येईल असं मला वाटत नाही. तक्रार वर गेली तर फोटो, चॅट, पार्सलचं वजन, सगळंच पुढे येतं.

शहरी_विदर्भी
वाटत नाही म्हणजे? कुठे लिहिलंय?

तक्रारपेटी
व्हिडिओ हा शब्द नियमात नाही, तेवढं खरं. पण सदोष माल परत घ्यायला नकार देऊ नये, हे आहे. त्याला व्हिडिओची शेपटी जोडलेली नाही.

खाकी_पाकीट
कामाचं काय ते सांगतो. फुटलेल्या पार्सलचे तीन फोटो पुरतात: बाहेरचा डबा सगळ्या बाजूंनी दिसेल असा, त्यावरचं ट्रॅकिंग नंबरचं लेबल, आणि आतला फुटका माल. पार्सल खरंच आपटलं असेल तर डब्याचा कोपरा चेपलेला किंवा तेलाचा डाग बाहेरून दिसतोच. डबा कोरा करकरीत आणि आत बरणी चक्काचूर असेल तर तुमचं पॅकिंग कमी पडलंय, गिऱ्हाईक खोटं बोलत असेलच असं नाही. बरणी डब्याच्या तळाला टेकत असेल तर ती फुटणारच. पाचही बाजूंनी आणि खालून दोन बोटं भर हवी, झाकणाखाली सील हवं. मी तर म्हणतो पोस्टानं जाणारं लोणचं काचेत टाकूच नका.

आणि मुदत. "२४ तासांत कळवा" नको. पार्सल शनिवारी आलं आणि गिऱ्हाईक गावी गेलं तर? तीन दिवस द्या.

मोजूनमापून
तीन दिवस फक्त फुटण्या-सांडण्यासाठी. मिरची पुडीला जाळी धरली तर ती तीन दिवसांत दिसत नाही, महिन्यानं दिसते. तिथे वेगळी मुदत हवी. पाकिटावर "अमुक तारखेपर्यंत वापरा" छापलंय, तेव्हा त्या तारखेच्या आत, नीट ठेवूनही खराब झालं तर जबाबदारी घ्या. त्यासाठी बॅच नंबर आणि तारखेचा फोटो मागा. म्हणजे त्याच बॅचची आणखी पाकिटं कुठे गेली तेही तुम्हाला कळेल.

हळदीचा_डबा
हे कोणी सांगितलंच नव्हतं. बरणीचं बघतो. पैसे परत देण्याचे दिवस कसे लिहू? आणि सीओडी ठेवू का?

गल्ला
"७ ते १० कार्यदिवस" यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आहेत. तुम्ही रिफंडचं बटण दाबायला किती दिवस घेता, आणि बटण दाबल्यावर बँकेत पैसे दिसायला किती लागतात. पहिलं तुमच्या हातात, दुसरं नाही. असं लिहा:

"फोटो पाहून आम्ही एका दिवसात हो किंवा नाही कळवतो. हो म्हटल्यावर २ दिवसांत पैसे सोडतो. ते ज्या खात्यातून किंवा कार्डातून आले तिथेच जातात. बँकेत दिसायला साधारण ५ ते ७ कामकाजाचे दिवस लागतात. पैसे सोडल्यावर रिफंडचा नंबर मेसेज करतो, तो दाखवून बँकेत चौकशी करता येते."

आता छोट्या दुकानात हमखास अडतं ते. रिफंड गेटवेकडे पडून असलेल्या रकमेतून जातो. गेटवे तुमची रक्कम दोनेक दिवसांत तुमच्या बँकेत टाकून मोकळा होतो. दोनचार दिवस ऑर्डर नसेल तर तिकडे शिल्लक शून्य असते आणि ४७० चा रिफंड अडकून बसतो. तुम्ही बटण दाबलं, गिऱ्हाइकाला "झालं" सांगितलं, आणि पैसे हललेच नाहीत. म्हणून बटण दाबल्यावर पडद्यावर `processed` दिसतंय का `pending` तेवढं बघूनच मेसेज करा. तिकडे थोडी रक्कम भरून ठेवायची सोय असते, ती गेटवेला विचारून घ्या.

गेटवेचा आकार गिऱ्हाइकाच्या रिफंडमधून कापू नका. २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ७८० वर साडेअठरा रुपयांच्या आत होतो. तो बहुतेक परत मिळत नाही. किंमत ठरवतानाच धरून चाला.

शहरी_विदर्भी
सीओडी ठेवा पण "पार्सल नाकारल्यास १५० रुपये दंड" लिहा.

तक्रारपेटी
वसूल कुठून करणार? दारात नाकारलंय, पैसे तर दिलेच नाहीत. शिवाय ऑर्डर रद्द करण्याचा आकार लावायचा असेल, तर तुम्ही स्वतःहून ऑर्डर रद्द केली तेव्हा तेवढाच आकार तुम्हीही सोसला पाहिजे, असं नियम सांगतो. लोणचं संपलं म्हणून तुम्ही रद्द केलं तर गिऱ्हाइकाला १५० देणार?

गल्ला
सुरुवातीला सीओडी नकोच. ठेवलंत तर पॅकिंगआधी फोन करून खात्री करा. आणि सीओडीचा रिफंड कुठे जाणार ते लिहा, कारण पैसे आलेलं खातंच नसतं: "ज्या मोबाईलवरून ऑर्डर दिली त्याच नंबरवरून तुमचा यूपीआय आयडी पाठवा. आम्ही ओटीपी किंवा पिन कधीही मागत नाही." शेवटचं वाक्य ठेवाच. रिफंडच्या नावानं फोन करून फसवणारे भरपूर आहेत.

नांगरधारी
अन् एक. "परतावा" हा शब्द काढा. माल वापस का पैसे वापस, काई समजत नाई. "माल परत" अन् "पैसे परत" असं लिवा.

हळदीचा_डबा
सगळ्यांचं जुळवून मधला भाग लिहिला:

"माल फुटला, सांडला किंवा चुकीचा आला तर: पार्सल मिळाल्यापासून ३ दिवसांत फोटो पाठवा (डबा, त्यावरचं लेबल, खराब झालेली वस्तू). व्हिडिओ असेल तर चांगलंच, नसला तरी चालेल. माल परत पाठवू नका. नवीन माल किंवा पैसे, तुम्ही सांगाल ते देऊ. खराब वस्तूंची पूर्ण किंमत आणि डिलिव्हरीचे पैसे दोन्ही परत मिळतील.
वापरण्याच्या तारखेआधी खराब झालं तर: वस्तू आणि बॅच नंबरचा फोटो पाठवा. वरच्याप्रमाणेच.
मन बदललं तर: पार्सल पोस्टात देण्याआधी सांगा, पूर्ण पैसे परत. पोस्टात दिल्यावर ऑर्डर रद्द होत नाही, कारण खाण्याचा माल परत घेऊन पुन्हा विकता येत नाही."

शहरी_विदर्भी
व्हिडिओ नसला तरी चालेल?! महिनाभरात कळेल.

तक्रारपेटी
छान झालंय. खाली तक्रार घेणाऱ्याचं नाव, फोन, ईमेल आणि दुकानाचा पूर्ण पत्ता टाका. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा असतो, तेही लिहा. गेटवेसाठी इंग्रजी पान ठेवणार असाल तर दोन्हीकडे दिवसांचे आकडे एकच आहेत का बघा. मराठीत ३ आणि इंग्रजीत ७ असले तर गिऱ्हाईक ७ च धरणार, आणि त्याचं बरोबरच असेल.

मोजूनमापून
"पार्सल मिळाल्यापासून ३ दिवस" यात मिळालेला दिवस धरायचा का? "सोमवारी मिळालं तर गुरुवारी रात्रीपर्यंत" असं कंसात टाका.

लिंबूटिंबू
सगळं ठीक. लोणचं जास्त तिखट निघालं तर पैसे परत का?

तक्रारपेटी
तिखट असणं दोष नाही. पण पानावर "मध्यम तिखट" लिहून आमच्याकडचं तिखट टाकलंत तर ते वर्णनाशी जुळत नाही, मग द्यावे लागतील.

हळदीचा_डबा
"मध्यम" लिहिलंय. काढतो.